गुडविलचे एक लाख वीस हजार

मिस्त्री वीस वर्षं त्या दुकानात जळलेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळत होता, आणि आज दुकानाचे मालक असलेले दोन भाऊ त्याला भागीदार करून घेणार होते. दोघे नफ्याचे पाच वाटे करत : तीन थोरल्याचे, दोन धाकट्याचे. मिस्त्रीला पाचवा हिस्सा ठरला होता. भांडवलाचा चेक त्याने टेबलावर ठेवलासुद्धा.

"गुडविल राहिलं, म्हणजे दुकानाच्या नावाची किंमत," हिशेबाला बसलेले सीए म्हणाले. "सरासरी नफा वर्षाला तीन लाख, गुडविल त्याच्या दुप्पट धरायचं, म्हणजे सहा. तुमच्या पाचव्या हिश्श्याचे एक लाख वीस हजार तुम्ही भरायचे."

मिस्त्रीने टेबलावरच्या चेककडे पाहिलं. होतं नव्हतं ते सगळं त्या चेकात गेलं होतं.

"माझा हिस्सा कमी होता कामा नये," धाकट्याने तेवढ्यात हात झटकले.

"तुझा मागतंय कोण?" थोरला डाफरला. "पाचवा हिस्सा पूर्ण माझ्यातून द्या."

सीएंनी लिहिलं : थोरला दोन, धाकटा दोन, मिस्त्री एक. "मग गुडविलही एकट्या तुमचं. ज्याचा हिस्सा कमी होतो, पैसे त्यालाच."

"एकट्या माझं ना? मग सोडलं! गिऱ्हाईक दारात आलं की आधी या मिस्त्रीलाच विचारतं. त्या नावाचे पैसे याच्याकडूनच उकळू?"

 इतक्यात बाहेरून हाक आली, "मिस्त्री आहे का?"

सवयीने तो उठला. थोरल्याने त्याला खांदा दाबून बसवलं आणि ओरडून सांगितलं, "आहे! पण मालक सही करतायत, जरा थांबा!"