हजार चोवीस पत्ते

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या घरी सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्या सोमवारी मी चिडलो नसतो, तर अनुश्रीचा फॉर्म भरला गेला असता. ही गोष्ट मले मरेपर्यंत सोडणार नाही.

भनपुरीच्या पुढे एक प्रायव्हेट नर्सिंग कॉलेज आहे. हॉस्टेल तिथंच. तिथलं नेटवर्क मी सांभाळतो. निरंजन भैया म्हणतात सगळे, मराठी पोट्ट्या काका म्हणतात. नियम कडक. सकाळी नऊला मोबाईल ऑफिसात जमा, संध्याकाळी सहाला परत. मध्ये काही पाहायचं तर लॅबमधला कॉम्प्युटर किंवा आपला लॅपटॉप, आणि दोन्हीवर माझी चाळणी.

चाळणी सोपी होती. कोणतीही साइट उघडायची म्हणजे कॉम्प्युटर आधी तिच्या नावाचा पत्ता विचारतो. तो आमच्या सर्व्हरले विचारायचा. सिनेमाचं नाव आलं की आमचा सर्व्हर पत्ताच द्यायचा नाही. झालं काम.

मग एक दिवस पाहिलं, चेतना नावाची पोट्टी लॅपटॉपवर तीन तास बसून आहे आणि आमच्या सर्व्हरले एकही नाव विचारून नाही राहिली. तेव्हाच समजलो. ब्राउझरमध्ये एक सेटिंग बदललं की तो बाहेरच्या सर्व्हरले विचारतो, अन् तेही कुलूपबंद. बँकेच्या साइटवर आपण लिहिलेलं जसं कुलूपबंद जातं, तशीच ही विचारणाही जाते. आत काय आहे ते मले दिसत नाही. दिसतो फक्त तो बाहेरचा पत्ता.

रजिस्ट्रार शालिग्राम सर म्हणाले, "तो पत्ता बंद कर दो. इसमें क्या है?"

केला. चेतनानं दुसरा लावला. तोही केला. इंटरनेटवर अशा सर्व्हरच्या याद्या मिळतात, त्यातली एक अख्खी टाकली. आठवडाभर शांतता. मग चेतनाच्या भिलाईच्या भावानं कुठंतरी मशीन भाड्यानं घेऊन स्वतःचाच सर्व्हर उभा केला. तो कोणत्या यादीत असणार, सांगा! तो शोधून बंद करायला मले चार दिवस लागले. त्याले नवं मशीन, नवा पत्ता घ्यायला दहा मिनिटं लागली.

मी सरले हात जोडून सांगितलं, "सर, हे काही संपणारं काम नाही. लॅबच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरचं सेटिंगच कुलूप लावून ठेवू, पोट्ट्यांना बदलताच येणार नाही. त्यांच्या लॅपटॉपचं नेटवर्क वेगळं करू, अन् त्याचा नाद सोडू."

"फिर मैनेजमेंट को क्या दिखाऊँ?" सर म्हणाले. "आकडा सांग. दर सोमवारी आकडा पाहिजे."

म्हणून दर सोमवारी मीटिंग. वॉर्डन बाई, सर अन् मी. सर रजिस्टर उघडायचे आणि विचारायचे, या हप्त्यात किती पत्ते बंद केले? मी सांगायचो, ते लिहायचे. चौदा. नऊ. अकरा. आकडा कमी झाला की सरचं तोंड वाकडं.

त्या सोमवारी सगळ्यांसमोर म्हणाले, "सिर्फ छह? निरंजन, तुले पगार झोपा काढायचा देतो का आपण?"

वॉर्डन बाई हसल्या. माझं डोकंच फिरलं! त्याच हप्त्यात पोट्ट्यांनी एक नवा सर्व्हर धरला होता. तो एका मोठ्या कंपनीच्या आडोशाला होता. अशा कंपन्या एकाच पत्त्यावर शेकडो साइट बसवतात, आणि पत्ते फिरवत राहतात. एक पत्ता बंद करून काय उपयोग? म्हटलं, थांबा, दाखवतोच आकडा. दोनशे छप्पन पत्त्यांचा एक पट्टा, असे चार पट्टे त्या कंपनीचे तिथंच लॅपटॉप उघडून एका दमात बंद केले.

"हजार चोवीस," मी म्हणालो. "लिहा."

सर खुश. वॉर्डन बाईंनी चहा मागवला. तिथं दुसऱ्या कोणाच्या साइट असणार, हे मले माहीत नव्हतं असं नाही. म्हटलं, परदेशातली दोन-चार दुकानं बंद पडतील, आपल्याले काय करायचंय. खोटं काहून बोलू?

बुधवारी एकच्या सुमारास अनुश्री लॅबमध्ये आली. शेवटच्या वर्षाची. बाबा रेल्वेत, मूळ वर्ध्याचे, याच वर्षी रिटायर होणार. सरकारी नर्सांची भरती निघाली होती, तीही तीन वर्षांनी. फॉर्मची शेवटची तारीख तीच, पाच वाजेपर्यंत. फॉर्मले लागणारी मार्कशीट कॉलेजनं त्याच दिवशी बारा वाजता तिच्या हातात दिली होती.

"काका, साइट उघडतच नाही," ती म्हणाली. "नुसतं फिरून राहिलं."

मी मान वर करूनही पाहिलं नाही. "लास्ट डेट आहे ना बाई. सगळा हिंदुस्थान लावून राहिला असेल. लावत राहा."

"हव," म्हणाली, अन् बसली जागेवर.

माझी बंदी अशी होती की पाठवलेलं सगळं गपचूप गिळायचं, उत्तर द्यायचंच नाही. बंद आहे अशी पाटीही येत नाही. समोरच्याले वाटतं, सर्व्हरवर गर्दी आहे. मलेही तेच वाटलं. मी ऑफिसात जाऊन स्वतःच्या मोबाईलवर, मोबाईलच्याच नेटनं, एकदा ती साइट उघडून पाहिली असती, तर दोन मिनिटांत समजलं असतं. पण मी चेतनाच्या भावाचा नवा पत्ता शोधत बसलो होतो.

ज्यांनी दुसरा मोबाईल गादीखाली लपवला होता, त्यांनी फॉर्म भरले. अनुश्रीनं एकच होता तो जमा केला होता. नियम होता ना!

पाचला ती उठून गेली. मी दुसऱ्या दिवशी सहज बंदीची नोंद उघडली. लॅबचा सतरा नंबरचा कॉम्प्युटर, एक वाजून दहा मिनिटांपासून पाचपर्यंत, शेकडो ओळी. सगळ्या भरतीच्या साइटकडे जाणाऱ्या, सगळ्या माझ्या पट्ट्यात अडकलेल्या. भरतीची साइटही त्याच कंपनीच्या आडोशाला होती. 

सरकडे धावलो. त्यांनी दार लावलं. "कुठं लिहू नको, कोणाले बोलू नको. साइट डाऊन थी, बस. पट्टे काढून टाक." मग मी निघताना म्हणाले, "आणि सोमवारसाठी दुसरं काही पाहून ठेव."

पट्टे काढले. चेतनाचा सिनेमा चालूच होता, तो एक दिवसही थांबला नव्हता.

संध्याकाळी सहानंतर अनुश्री माझ्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले, हातात फोन. "काका, बाबांना सांगा ना. ते म्हणून राहिले, तू आळस केला. साइट बंद होती ना? तुम्ही तर होते तिथं."

फोन घेतला. मले सरचं वाक्य पाठ होतं. तोंडातून निघेना.

"भाऊसाहेब, पोरीची काही चूक नाही," मी म्हणालो. "साइट चालू होती. इथून मीच बंद करून ठेवली होती."

अनुश्री माझ्याकडे पाहतच राहिली. तिकडून आवाज आला, "काहून?"

सांगितलं सगळं. काही पोट्ट्या चोरून सिनेमे पाहतात, त्यांना अडवायचं होतं, रजिस्टरमध्ये आकडा दाखवायचा होता.  त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "मग त्या पोट्ट्या अडल्या का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला. अनुश्रीनं हात पुढे केला, मी तिचा मोबाईल तिले दिला.