सुईशिवायचा पान्हा

गोठ्याच्या मालकाला सगळे निर्मळशेठ म्हणत. त्याच्या दुधाच्या किटल्यांवर, गाडीवर आणि फाटकावर ‘निर्मळ’ असं रंगवलेलं होतं. म्हशी तेवढ्या रंगवायच्या सुटल्या होत्या. त्या निर्मळपणाचं गुपित मात्र शेठच्या अंगातल्या बंडीच्या खिशात असायचं. बिनलेबलची बाटली आणि एक सुई. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक म्हशीच्या मानेत ती टोचायची, की जरा वेळात कास भरून यायची आणि धारा सुरू.

“याने दूध वाढतं,” असं बाटली विकणारा म्हणाला होता. शेठला ते पटलं, कारण त्याला ते पटवून घ्यायचंच होतं. एकदा सुई आली म्हटल्यावर पान्ह्यासाठी रेडकू लागत नव्हतं. मग रेडकाच्या वाट्याचं दूध कशाला वाया घालवा? रेडकं एकामागून एक भुकेने गेली. शेठ म्हणे, “नशीब त्यांचं.”

पुढे गावभर बोभाटा झाला, की इंजेक्शनच्या दुधाने पोरं वेळेआधी मोठी होतात. निवृत्त हेडमास्तरांच्या नातवाला मिशी फुटली होती आणि दूध शेठकडचं होतं. पुरावा झाला! हेडमास्तर चार गिऱ्हाइकं घेऊन फाटकात आले.

“शेठ, आम्हाला डोळ्यांदेखत दूध काढून दाखवा.”

“अहो, या की! हवं तेव्हा या!” शेठ छाती फुगवून म्हणाला. ‘हवं तेव्हा’ म्हणजे आत्ताच, असं हेडमास्तरांनी घेतलं होतं.

शेठ म्हशीखाली बसला. सुई खिशात, आणि खिसा पाच जणांच्या नजरेत. त्याने सड ओढले. थेंब नाही. पुन्हा ओढले. म्हशीने शेपटीने त्याच्या थोबाडीत मारली.

“ए भवाने, सोड की!” तो ओरडला आणि तिच्या पाठीत एक गुद्दा हाणला. म्हैस आणखीच आखडली.

“लाजते बहुतेक,” हेडमास्तर म्हणाले.

“माणसं बघून बिथरली हो!”

“माणसं तर लांब उभी आहेत. गुद्दे तुम्ही मारताय.”

शेठची बायको दारात उभी राहून सगळं बघत होती. ती आत गेली आणि तिने गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. शेठला वाटलं, बायको आपली बाजू घेतेय. तेवढ्यात तो पुढे वाकला आणि खिशातली बाटली घरंगळत थेट हेडमास्तरांच्या चपलेपाशी गेली.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ती बाटली हेडमास्तर रुमालात धरून उभे होते, जसा काही मेलेला उंदीर.

“ऑक्सिटोसिन असेल,” बाई म्हणाल्या. “किंवा आणखी काहीही. लेबल नाही, तर कुणाला ठाऊक?”

“दूध वाढवायचं औषध आहे ते,” शेठ पुटपुटला.

“दूध वाढत नाही, शेठ. कासेत आहे तेच खाली उतरतं. रेडकू ढुशी देतं, कास धुतली जाते, तेव्हा म्हशीचं शरीर हेच द्रव्य आपणहून सोडतं. घाबरली, की थांबतं. तुम्ही रेडकं घालवलीत, वर मारलंत, आणि रोज सुई टोचून तिला सवय लावलीत. आता सुईशिवाय ती पान्हा कशी सोडेल?”

“मग हे मिळतं तरी का?”

“व्यायल्यानंतर अडचण आली तर डॉक्टरने द्यायला. बाळंतपणात रक्त थांबेना, तर बायकांचे जीव याने वाचतात. म्हणून तर बंधन आहे, की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये आणि जनावरांचे असे हाल होऊ नयेत.”

हेडमास्तर पुढे सरसावले. “आणि नातवाची मिशी?”

“नातू केवढा?”

“यंदा कॉलेजात गेला.”

“मग मिशी वयाची आहे, मास्तर. हे दुधात खास वाढल्याचं तपासण्यांत दिसत नाही, आणि गेलंच तर पोटात पचतं. गुन्हा म्हशीवर झालाय, नातवावर नाही.”

हेडमास्तरांचा चेहरा पडला. मिशीवर त्यांनी सगळ्या गल्लीत भाषणं दिली होती.

बाटली बाईंनी जप्त करवली. औषधखात्याचे लोक आले, शेठवर खटला उभा राहिला. म्हशींची सवय सुटायला बरेच दिवस गेले. एक तर पार आटली. बायको कोमट पाण्याने कास धुवी, खायला आंबोण पुढ्यात ठेवी, हळूहळू चोळत बसे. कधी धार लागे, कधी नाही. धारेच्या वेळी शेठला गोठ्यात यायची बंदी होती. त्याचा आवाज ऐकला, की म्हशी पान्हा चोरत.

आता दूध खरंच सुईशिवायचं होतं, आणि गिऱ्हाईक एकही उरलं नव्हतं. हेडमास्तरांनी सगळ्यांना पलीकडच्या नव्या डेअरीत नेलं होतं. तिथला मालक म्हणे एका यंत्रातून दुधातली इंजेक्शनं गाळून काढतो.

शेठ धापा टाकत गोठ्याच्या दाराशी आला. “अगं, आपणही तसलं यंत्र आणू या का?”

आत बायकोचा कासेवरचा हात थांबला नाही. “हळू बोला,” ती म्हणाली, “आत्ता कुठे सोडतेय.”