भिंगारहून पाठवलेली फी

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या नातीच्या, आराधनाच्या वसतिगृहाची फी या वेळी मीच भरणार, असे मी घरात सांगून टाकले होते. तिची दुसरी आजी, म्हणजे माझ्या विहीणबाई पुष्पावती, सुप्याला असतात. त्यांचे खाते मोठ्या बँकेत. मोबाईलवर बोट फिरवले की पैसे पुण्यात. "सुप्याच्या आजीचे आलेसुद्धा!" हे नातीचे वाक्य ऐकून माझे कान किटले होते.

माझे खाते भिंगारच्या छोट्या सहकारी बँकेत. सोमवारी दुपारी मी तिथे फॉर्म भरला. आराधनाचे खाते ती पाचवीत असताना मीच उघडले होते. ते पासबुक अजून माझ्या ट्रंकेत आहे. त्यातूनच सगळे उतरवले. तिला विचारायचे कशाला?

बुधवारी साडेबाराला बँकेतून मच्छिंद्रचा फोन आला. मी शाळेत शिकवायचे तेव्हाचा तो माझा विद्यार्थी.

"बाई, पैसे परत आलेत. तुमच्या खात्यात हायेत, काळजी नको."

मी रिक्षा करून गेले. फी भरायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती.

"सोमवारी दिले, आणि आज सांगतोस?"

"आपली बँक थेट जोडलेली न्हाई, बाई. मोठ्या बँकेमार्फत पाठवतो. दुपारी एकला यादी जाते. तुमी सोमवारी दोनला आलात, म्हणून काल गेलं. आणि हा आयएफएससी कोड जुना हाय. नातीची बँक दुसरीत विलीन झाली, कोड बदलला. आपल्या संगणकात जुनीच यादी, म्हणून इथं अडलं न्हाई, पुढं अडलं. नवा कोड द्या. खाते क्रमांक तोच हाय का, तेही विचारा."

आराधनाची परीक्षा चालू, फोन बंद. नवा कोड आणखी एकाच माणसाकडे होता. नाइलाजाने सुप्याला फोन लावला.

"मरियमबाई, लिहून घ्या," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी कोड दोनदा वाचला. खाते क्रमांक तोच होता. "मी पाठवू का? दोन मिनिटांचं काम."

"नको," मी म्हणाले. जरा जोरातच.

मच्छिंद्रने खातेदाराचे नाव जुळवले, एकेक आकडा मला मोठ्याने वाचायला लावला आणि एकला पाच मिनिटे असताना फॉर्म आत दिला. मग व्यवहाराचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. "पैसे दिसले न्हाईत, तर तिकडच्या बँकेत हा दाखवायचा."

अडीचला आराधनाचा फोन आला. पैसे पोचले, फी भरली.

मी विहीणबाईंना कळवले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "काल रात्री ती फोनवर रडत होती, भिंगारच्या आजीचे आलेच नाहीत म्हणून. माझे तयार होते. पण म्हटलं, हा मान तुमचा. चारपर्यंत थांबणार होते."

आभार मानले मी. मानावेच लागले.

संध्याकाळी आराधना पुन्हा बोलली, पण सुप्याची आजी माझ्यासाठी थांबली होती, हे मी तिला सांगितले नाही.