तांदळातलं नाव

सरलाबाईंच्या मेतकुटाला नाव नव्हतं आणि त्यावाचून चाळीस वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. झाशीत मराठी घरं उरली मूठभर, त्यांना सांगावं लागत नसे. बाकी प्रेमनगरातले शेजारी डबी पुढे करत आणि "बाई साहब, वो भात वाला पाउडर" म्हणून मागून नेत.

अडलं ते सिपरी बाजारातल्या किराणावाल्यापाशी. त्याने मेतकुटाची चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "दशहरे से रखेंगे दुकान में. लेकिन पुड़िया नहीं चलेगी, बाई साहब. पैकेट लाइए, नाम छपा हुआ."

सरलाबाई साठीला आलेल्या. संसार नीट झाला, मुलगा पुण्यात मार्गी लागला, यजमान रमाकांत रेल्वेच्या कारखान्यातली कारकुनी संपवून घरी बसले. पण आपली म्हणावी अशी एकही गोष्ट त्यांच्या नावावर नव्हती. हे पाकीट त्यांना फार हवं होतं आणि हवं असण्याची त्यांना थोडी लाजही वाटत होती.

नाव ठरवायला वेळ किती लागतो, असं त्यांना वाटलं. बाळाचं बारशाला ठरतंच की!

पहिलं नाव त्यांनीच काढलं, 'जिव्हाळा'. मेतकुटाला याहून चांगलं नाव असूच शकत नाही, असं त्यांचं ठाम मत. सकाळी दूधवाल्याला म्हणायला सांगितलं. तो म्हणाला, "जिबाला." शेजारणीने तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा हसतच सुटली. जे नाव गिऱ्हाइकाला दुकानात उच्चारता येत नाही, ते गिऱ्हाईक मागणार कसं? तो दुसरी पुडी उचलून घरी जाणार. सरलाबाईंनी जड मनाने जिव्हाळा पुसला.

मग रमाकांतराव सरसावले. "अगं, तुझंच नाव दे. सरला. सोपं, सुटसुटीत, हिंदीवाल्यांनाही म्हणता येतं." बोलताना त्यांची छाती जरा फुगली होती आणि त्याला कारण होतं. ते नाव त्यांनीच ठेवलेलं. लग्न लागून सून घरात आली तेव्हा ताटात तांदूळ पसरले होते आणि आईने सुचवलेलं नाव नवऱ्या मुलाने अंगठीने त्यात लिहिलं होतं. पेढे वाटले, नाव जाहीर झालं. माहेरचं नाव त्या ताटापलीकडे राहिलं. सगळ्यांच्याच लेकींचं राहायचं, त्यात रडण्यासारखं काय? या गावच्या राणीलासुद्धा तिचं नाव लग्नानंतरच मिळालेलं.

नाव मनाशी धरून दोघं ते सरकारदरबारी नोंदवायला कचहरीजवळच्या जनार्दन भैयांकडे गेली. टपरीएवढी खोली, एक संगणक आणि सगळ्या सरकारी अर्जांची विद्या. जनार्दन भैयांनी आधी त्यांनी जोडीला आणलेले 'मेतकूट घर' वगैरे पर्यायच उडवून लावले.

"माल का ही नाम रख लोगे तो सरकार आपको अकेले को क्यों देगी? मेतकूट तो कोई भी बना सकता है. और रानी का नाम मत रखना, झाँसी में आधी दुकानें उसी नाम की हैं."

मग त्यांनी संगणकावर व्यापारचिन्हांची सरकारी नोंदवही उघडली. मसाले-पिठांचा वर्ग निवडला, सरला टाकलं आणि आवाजाने जवळ जाणारी नावंही शोधली. पडद्यावर रांग उतरली. कुठे मसाला, कुठे बेसन, आणि वर एक जण तर सरला नावानेच हळद-तिखट विकत होता.

"ये तो लिया हुआ है, भाई साहब. अर्ज़ी डालोगे तो वो ऐतराज़ करेगा. आपका नाम कोई और चला रहा है, बाई साहब."

जनार्दन भैयांनी हे सहज म्हटलं होतं. सरलाबाईंना मात्र नवल वाटलं ते याचं की त्यांना वाईट वाटलंच नाही. वाईट वाटलं रमाकांतरावांना. ते खिडकीबाहेर बघत बसले.

"घर में और कोई नाम? माँ का, दादी का?"

सरलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. सागर गावातलं माहेरचं घर समोर उभं राहिलं. शाळामास्तर वडील, मार्तंडराव, यांना नद्यांचं वेड. दख्खन कधी पाहिलं नाही, पण तिकडच्या नद्या लेकींच्या रूपाने घरात आणून बसवल्या होत्या. गोदा, कृष्णा आणि ही धाकटी. मेतकुटाच्या डाळी भाजताना आई चुलीपासून हाक मारायची, परात आण म्हणून. आई गेली, कृष्णा गेली, गेल्या माघात गोदाक्काही गेली. त्या दिवशी सागरहून परतताना बसमध्ये त्यांना हुंदका आला होता, आणि रमाकांतरावांना वाटलं बहिणीसाठी. तो बहिणीसाठी होताच. पण त्या नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं, म्हणूनही होता.

"तुंगा," त्या म्हणाल्या.

जनार्दन भैयांनी एकदा तोंडाने म्हणून पाहिलं. "तुंगा. अच्छा है. मतलब?"

"नदी है. दक्षिण में."

नोंदवहीत टाकलं. मसाल्यांच्या वर्गात काही नाही. जवळच्या उच्चाराचंही नाही. भैया एवढ्यावर थांबणारे नव्हते. नोंद नसली तरी बाजारात आधीपासून कुणी चालवत असेल तर त्याचा हक्क पहिला, म्हणून त्यांनी आसपासच्या बरुआसागर, समथरमधल्या ओळखीच्या दुकानदारांना फोन लावले. सगळीकडून नाही आलं.

"एक बात. ये किसी औरत का नाम तो नहीं? ज़िंदा हों तो उनकी रज़ामंदी का काग़ज़ लगा देते हैं. बाद में सवाल न उठे."

"ज़िंदा हैं," सरलाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "यहीं बैठी हैं."

रमाकांतरावांनी मान वळवली. बायकोचं माहेरचं नाव त्यांनी लग्नपत्रिकेत एकदा वाचलं असणार. त्यानंतर त्यांना ते आठवावं लागलं नव्हतं.

जनार्दन भैयांनी सोपा उपाय काढला. शाळेचा जुना दाखला आणायचा आणि शपथपत्र करायचं. त्यांनी तिथेच टंकून कागद पुढे ठेवला: तुंगा मार्तंड पिंपळखरे और सरला रमाकांत आठल्ये एक ही महिला के नाम हैं. खाली सरलाबाईंची सही. बाजूला गवाह म्हणून एकाची.

"गवाह कौन?"

"मी," रमाकांतराव म्हणाले. सही करताना त्यांना वेळ लागला. एवढ्या वर्षांच्या कारकुनीत सहीला कधी लागला नव्हता इतका.

घरी आल्यावर सरलाबाईंनी मेतकुटासाठी तांदूळ परातीत पसरले आणि खडे वेचायला बसल्या. रमाकांतराव समोर येऊन बसले.

"अगं," ते म्हणाले, "मी इतकं हौसेने सरला लिहिलं, पण त्या नावाने तुला एकदा तरी हाक मारली का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "अगं म्हणूनच निभावलंत."

रमाकांतरावांनी परात आपल्याकडे ओढली, हाताने तांदूळ सारखे केले. बोटात अंगठी आता घट्ट रुतलेली, निघण्यासारखी नव्हती, म्हणून तसंच बोट टेकवून सावकाश तीन अक्षरांएवढी जागा मोजली आणि दोनच अक्षरं लिहिली.

मग त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं. कचहरीत साक्ष द्यावी तसं, जरा बिचकतच.

"ओ," सरलाबाईंच्या तोंडून निघून गेली. सागरच्या घरात, चुलीपासून हाक आली की द्यायच्या, तशी.