मधली फट

चिप बनून आली, पण तिची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहणारे काका त्याआधीच गेले होते. लॅबमध्ये त्यांना सगळे काकाच म्हणत.

चिपमध्ये एकेक बिट अडवून धरणाऱ्या लॅचची साखळी होती; त्या लॅचना ते दारं म्हणायचे. पहिलं क्लॉक, म्हणजे ठोके देणारा सिग्नल, चढलं की एकाआड एक दारं उघडतात, दुसरं चढलं की उरलेली. "एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मध्ये क्षणभर सगळी बंद हवीत," हे त्यांचं पालुपद. त्यांच्या हाताखाली चिपची रचना करणाऱ्या तरुण इंजिनिअर मुलीने मात्र वेग वाढावा म्हणून ती मधली फट परस्पर कमी केली होती. म्हाताऱ्याचा भित्रेपणा, दुसरं काय!

आता सिग्नलच्या रेघा दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर तिच्यासमोर सगळं उघडं पडलं. चिपच्या लांबच्या टोकाला पहिलं क्लॉक रेंगाळत उतरत होतं, आणि ते पुरतं उतरायच्या आत दुसरं चढत होतं. तेवढ्यात ओळीने उघडी दारं सापडून बिट थांबायच्या जागी न थांबता थेट पुढे पळत होता.

"क्लॉक हळू करून बघू?" शेजारचा सहकारी म्हणाला.

तिने केलं. ठोके लांबले, पण दोन्ही क्लॉक एकमेकांवर चढायचे तेवढेच चढत राहिले. बिट पळतच होता.

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत काकांना बोलवत नव्हतं. त्यांनी दोन बोटं वर करून मध्ये जागा ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"ठेवलीय काका, तुम्ही सांगितली तेवढीच," ती म्हणाली होती.

मग कुठे त्यांनी निवांत डोळे मिटले होते.