पत्रात न आलेला रविवार

मिरजोळ्याच्या आमच्या मासळी कारखान्यात माणसं नेमण्याचं आणि काढण्याचं काम माझ्याकडे आहे. नेमताना पेढे मिळतात, काढताना कुणी पाणीही विचारत नाही.

स्वरूप पूर्णगडचा, खलाशाचा मुलगा, तपासणी विभागात सुपरवायझर. मासा हातात घेतला की ताजा की शिळा हे डोळे मिटून सांगायचा. पण कागदावर घोळ. एका लॉटचा अहवाल दुसऱ्याच्या क्रमांकावर चढायचा, आणि असा माल परदेशातून परत येऊ शकतो. दोनदा लेखी सूचना दिली, मग सुधारण्यासाठी तीन महिने दिले: मे, जून, जुलै.

ऑगस्टमध्ये आमचे मालक चिरागशेठ म्हणाले, "योगिनीमॅडम, आजच पत्र काढा. निष्काळजी, बेजबाबदार, सगळं स्पष्ट लिहा."

मी फाईल उघडली आणि कपाळावर हात मारला. जून-जुलै पावसाळ्यामुळे मासेमारी बंद! माल आलाच नाही, तर त्याची कामगिरी पाहिली कशावर? ते महिने मीच ठरवलेले. स्वतःचाच भयंकर राग आला.

"शेठ, हे पत्र टिकणार नाही. आणि ती विशेषणं नकोत. असा ठपका ठेवायचा तर आरोपपत्र आणि चौकशी हवी. तो डाग घेऊन त्याला दुसरीकडे कोण घेईल?"

शेठ तडकले. वकिलांना फोन लावला, तर त्यांनीही तेच सांगितलं. मुदत ऑक्टोबरअखेरपर्यंत लेखी वाढवली.

स्वरूप जीव तोडून झटला. तरी सप्टेंबरात अकरा चुका, ऑक्टोबरात नऊ. मर्यादा महिन्याला दोन होती.

मग पत्र लिहिलं. सूचनांच्या तारखा, आढावा बैठका, चार प्रशिक्षणं, चुकांची संख्या. 'अपेक्षित पातळी गाठता आली नाही, म्हणून नेमणूकपत्राच्या कलम नऊनुसार एक महिन्याच्या नोटिशीऐवजी वेतन देऊन सेवा समाप्त करण्यात येत आहे.' अनुभव प्रमाणपत्र मिळेल, हेही लिहिलं. माझ्या मनातलं एक अक्षरही त्यात नव्हतं.

दुपारी त्याला केबिनमध्ये बोलावलं. विभागप्रमुख संध्याताई साक्षीला होत्या. त्यानं पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता भांडेल. भांडला असता तर सोपं गेलं असतं.

"मॅडम, प्रशिक्षण चार येळा लिवलंय. पाच झाली. दसऱ्यानंतरच्या रविवारी तुमी दिवसभर माज्यासंगती बसलेलात."

"सुट्टीचा दिवस होता, स्वरूप. त्याची नोंद नाही. पत्रात नोंदीतलंच येतं."

"मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पन माज्या ध्यानात हाय."

दुसऱ्या प्रतीवर त्यानं 'पत्र मिळाले' लिहून सही केली. खाली तारीख घातली, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, आणि मग कागद माझ्याकडे सरकवला.

तारीख बरोबर होती.