अक्षरी रक्कम

दुकानाच्या संगणकावर बिलाचा साचा मी बनवला. तरी दुकानात सगळे म्हणतात, ही नुसती बसून असते. काल मी चहाला उठले तेवढ्यात थोरल्या दिरांनी एका ठेकेदाराच्या बिलात एकूण रकमेच्या चौकटीत ६,८२० पुसून ७,८२० टाकले आणि छापून दिलं. पंख्यांवर अठरा टक्के कर, सौरदिव्यांवर पाच; कोण बेरीज करत बसतंय, असं त्यांना वाटलं असावं.

मी परत आले तेव्हा ठेकेदार बिल पुढे धरून विचारत होता, "शेठ, आकड्यात सात हजार आठशे वीस, अक्षरी सहा हजार आठशे वीस. खरं कुठलं?"

दीर माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "हिच्या साच्याचा घोळ. फाडा ते, दुसरं देतो."

"खुशाल फाडा," मी म्हटलं. "पुढच्या बिलाला नंबर आपोआप ४१४ येईल. ४१३ नंबरचं कुठे गेलं, ते कर तपासायला येणाऱ्यांना भाऊजी सांगतील."

ठेकेदाराने अक्षरी रक्कम मोजून ठेवली आणि तो गेला.

"अक्षरी रक्कम एकूण रकमेच्या चौकटीवरून का नाही घेतलीस?" दीर दातओठ खात म्हणाले.

"मुद्दाम मालाच्या ओळींच्या बेरजेवरून घेतली. तुम्ही एकूण रकमेला हात घालणार, हे मला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं."